फोन पिशवीतच ठेवावेत

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण पालकांच्या ग्रुपवर टाकायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. माझा स्वभाव तापट आहे, आणि तापट बाईनं लिहिलेल्या सूचना पालक निदान वाचतात, असं आमच्या मुख्याध्यापिकांचं मत आहे. अकोल्यातली आमची शाळा काही फार मोठी नाही, पण संमेलनाच्या दिवशी सभागृहात जत्रा भरते.

मजकूर ठरलेला असायचा. मुलांना चार वाजता वेशभूषेसह वर्गात आणून सोडावे. दार पाचला उघडेल, कार्यक्रम साडेपाचला सुरू होईल. एका कुटुंबाला दोन पास. पासच्या रंगाप्रमाणे बसावे, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी आहेत, मधली वाट मोकळी ठेवावी. कार्यक्रम संपल्यावर मूल वर्गातूनच आणि पास दाखवूनच ताब्यात मिळेल. शेवटी एक ओळ असायची, फोटो काढताना उभे राहू नये. ती ओळ कोणी पाळायचं नाही. पहिलं गाणं लागलं की सगळे बाप रंगमंचापुढे, आणि मागे बसलेल्या आयांना दिसायचे ते नवऱ्यांच्या पाठी.

त्या वर्षी मी मजकूर टाकायच्या आदल्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर येऊन उभी राहिली. दिवाळीनंतर मुलीला घेऊन अमरावतीकडून आली होती, भावाकडे राहत होती. नवरा मारायचा. कोर्टात केस सुरू होती, मुलगी आईजवळ राहील असा तूर्तास आदेश होता. हे सगळं तिनं मुख्याध्यापिकांना आणि मला प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं होतं.

"मॅडम, माह्या पोरीले नाचातून काढा," ती म्हणाली.

मी चिडलेच. महिनाभर सराव झाला होता. भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांवरचा नाच, शेवटी जोडीजोडीनं फुगडी, आणि ही मुलगी मधोमध.

"काहून पण?"

"लोकं व्हिडिओ काढतात. स्टेटसले टाकतात. त्याचे नातेवाईक सगळीकडे हायेत. एकानं पाह्यलं का त्याले समजते आमी कुठी हावो. मागच्या वेळी असंच झालं, रात्रीच्या रात्री घर सोडा लागलं." मग म्हणाली, "ते घरी दिवसभर फुगडी खेळून राहते. एकटीच. खांबाले धरून."

ती खांबाला धरून फुगडी खेळते हे ऐकल्यावर मला तिला काढणं शक्यच नव्हतं. मुख्याध्यापिका आणि मी ऑफिसात बसलो. त्यांनी एकच विचारलं, "नियम सगळ्यांना लावशील?" मी हो म्हटलं. एकाच नाचाला फोन बंद करायला लावला असता तर त्या नाचात कोण आहे, याचीच चर्चा झाली असती.

मग मी लिहिलं: कार्यक्रम सुरू असताना फोन पिशवीतच ठेवावेत. चित्रीकरण व थेट प्रक्षेपण होणार नाही. शाळेचे छायाचित्रकार फोटो काढतील, ते समाजमाध्यमांवर जाणार नाहीत, ऑफिसात येऊन आपल्या मुलाचे पाहता येतील. कार्यक्रमानंतर चौथीच्या वर्गात फोटोसाठी मागे पडदा लावलेला असेल, तिथे फक्त आपल्याच मुलाचा फोटो अथवा व्हिडिओ काढावा. कारण लिहिलं नाही. छायाचित्रकाराला मात्र बजावलं, भुलाबाई सुरू झाली की कॅमेरा खाली.

ग्रुपवर फक्त आम्हालाच लिहिता येतं, म्हणून सगळा राग माझ्या फोनवर आला. सर्वांत जास्त चिडले ते बांगड्यांचे दुकानदार. त्यांची मुलगी त्याच मुलीची फुगडीतली जोडीदार. नाचातल्या सगळ्या पोरींसाठी हिरव्या बांगड्या त्यांनी दुकानातून हौसेनं दिल्या होत्या.

"मॅडम, आमी काय चोर हावो का? अम्मी अकोटले बिछान्यावर हाये. तिले नातीचा नाच दाखवाचा हाये, बस."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, म्हणूनच मी जास्त कडक बोलले. "पडद्यासमोर काढा," म्हटलं.

"फुगडी एकटीनं होते का?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

संमेलनाच्या दिवशी मुलीची आई शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. ती जागा मीच राखली होती. पाहुणे उशिरा आले, भाषण लांबलं, नेहमीचंच. फोन मात्र बऱ्यापैकी पिशव्यांत होते. भुलाबाई सुरू झाली. पोरींच्या टाळ्या, हिरव्या बांगड्यांचा आवाज, आणि मग जोड्या फिरायला लागल्या. मधली जोडी सगळ्यांत वेगानं. ती मुलगी डोकं मागे टाकून हसत होती. वर्गात ती कधी अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात चौथ्या रांगेत एक उजेड दिसला. बांगडीवाल्यांनी फोन उंच धरला होता. मी मधल्या वाटेनं जवळजवळ धावत गेले आणि त्यांच्या फोनपुढे उभी राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, बसा खाली!" मी हलले नाही. ते माझ्याकडे रागानं पाहत राहिले. त्यांची बायको त्यांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी फोन खाली घेतला.

कार्यक्रमानंतर ते बायको-मुलीसह पडद्याच्या वर्गात आले आणि फोन माझ्या हातात दिला. "थोडसाक आला हाये त्यात. कोणाले धाडला नाही. तुमीच काढून टाका." मग हळूच म्हणाले, "पोट्टीनं घरी मायले सांगतलं होतं. म्हणे, माह्या मैत्रिणीले पप्पापासून लपून राहा लागते. मले आत्ता समजलं."

मी तो व्हिडिओ पुसला.

मग त्यांनी बायकोच्या हातात फोन दिला, चपला काढल्या, मुलीचे दोन्ही हात धरले आणि त्या पडद्यासमोर फुगडी खेळायला लागले. धिप्पाड माणूस, पोट सांभाळत, धापा टाकत. "अम्मी, देखो!" मुलगी ओरडत होती की ते, कळत नव्हतं. वर्गातले सगळे हसले. दारात तिची फुगडीतली जोडीदार आईचा हात धरून उभी होती, तीसुद्धा हसली. फोटो काढू का, असं मी तिच्या आईला विचारलं. तिनं मानेनंच नको म्हटलं. "पाह्यलं ना डोळ्यानं," म्हणाली, आणि मुलीला शालीत गुंडाळून घेऊन गेली.

पुढच्या जूनमध्ये त्या दोघी आल्याच नाहीत. दाखला रीतसर नेला होता. कुठल्या शाळेसाठी, ते मी विचारलं नाही.

निमंत्रणात ती सूचना आता दरवर्षी असते. बांगडीवाले संमेलनाला दारात उभे राहतात आणि येणाऱ्याला सांगतात, "फोन पिशवीत ठेवा भाऊ. काहून ते इचारू नका." माझ्याकडे प्रत्येक वर्गाचे फोटो आहेत, त्या वर्षीच्या भुलाबाईचा तेवढा नाही. त्या मुलीचं डोकं मागे टाकून हसणं मला आठवतं, पण चेहरा आता नीट आठवत नाही. आधी याचं फार वाईट वाटायचं. आता वाटतं, मलाच आठवत नाही तर तिला शोधणाऱ्याला तरी आमच्याकडे काय मिळणार, आणि मग झोप लागते.