अक्काचा लपवलेला चौकोन

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत गेली कित्येक वर्षं लग्नं जमवण्याचं काम माझी चुलत बहीण कमलाक्षीअक्का करते. मोबदला घेत नाही. तिची एकच रीत आहे. मुलगी बघायला पाहुणे आले की दोन्ही बाजूंची ओळख करून द्यायची आणि स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दाराआड जायचं. "मधल्या माणसाचं तोंड मधे दिसू नये," असं ती म्हणते. दाराआडून मात्र तिला सगळं दिसतं.

आता मुलं चेन्नईला, बंगळूरला, परदेशात. पहिली भेट व्हिडिओ कॉलवरच होते. अक्काच्या लेकीने तिला लॅपटॉप दिला, रेकॉर्डिंगची सोय असलेलं खातंही काढून दिलं. कॉल अक्का लावते आणि ज्या आज्या-आत्यांना तेव्हा बसता येत नाही त्यांच्यासाठी रेकॉर्डिंगची लिंक दोन्ही घरी पाठवते. दाराआड जाण्याची सोयही तिने शोधून काढली होती. ओळख करून दिली की आपल्या चित्राच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जायचं, तिथलं 'हाइड सेल्फ व्ह्यू' दाबायचं. तिचा चौकोन नाहीसा व्हायचा आणि पडद्यावर फक्त दोन कुटुंबं उरायची.

पापनाशमच्या रघुरामची लेक लावण्या आणि कोयंबत्तूरचा कार्तिकेय यांचा कॉल असाच झाला. दोन दिवसांनी कार्तिकेयच्या आईचा, धनलक्ष्मीबाईंचा, मला फोन आला. अक्काला सोडून मला का, हे तेव्हाच खटकलं.

"सुब्रमण्यमअण्णा, तुम्ही हिशेबाच्या कामातले. सरळ विचारते. तुमची अक्का आमच्यापासून काय लपवते आहे?"

"काय झालं?"

"रेकॉर्डिंग बघा. मुलीचे वडील म्हणतात, लग्नानंतर ती बँकेची नोकरी सोडेल, तिचीच तशी इच्छा आहे. त्यावर तुमची अक्का मान हलवते. नाही, नाही, अशी. वर कपाळाला हात लावते. मुलीत काही खोट आहे का? दुसरीकडे कुठे काही?"

मी लिंक उघडली. रघुराम बोलत होता, लावण्या खाली बघत होती आणि खालच्या चौकोनात अक्का, चष्मा कपाळावर चढवून, ठळकपणे मान हलवत होती. माझ्याही मनात पाल चुकचुकली. अक्का उगाच मान हलवणारी बाई नव्हे.

मी तिच्याकडे पोचलो तेव्हा रघुरामचा फोन नुकताच येऊन गेला होता. तो भलतंच म्हणत होता. अक्का मुलाकडच्यांना आतून खुणा करते, तिने दुसरी कुठली मुलगी मनात धरली आहे.

अक्काने मला कॉफीसुद्धा विचारली नाही.

"सुब्बू, माझा चौकोन मी काढला होता. मग मी रेकॉर्डिंगात आले कुठून? त्या धनलक्ष्मीने कुणाकडून तरी करवून घेतलंय हे."

"तिला ते कसं करता येईल?"

"तुला काय ठाऊक? तूही तिच्याशी फोनवर बोलतोस. मला तासाभराने सांगतोस."

मी वाद घातला नाही. माझा फोन घेऊन पुढच्या खोलीत गेलो, तिच्याच कॉलमध्ये शिरलो आणि तिला रेकॉर्डिंग सुरू करून चौकोन लपवायला सांगितलं. तिने लपवला. मग तिला तसंच बसायला सांगून, परत येऊन फोन तिच्यासमोर धरला. माझ्या फोनवर अक्का होती, जशीच्या तशी, संशयाने माझ्याकडे बघणारी.

"ते झाकण तुझ्या एकटीच्या डोळ्यांवर आहे, अक्का. बाकी सगळ्यांना तू दिसतेस. रेकॉर्डिंगही तुझ्या पडद्यावरून होत नाही. कंपनीच्या यंत्रावर, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांतून येतं त्यातून होतं. दिसायचं नसेल तर कॅमेराच बंद करावा लागतो."

"आणि हा हिरवा दिवा?"

"कॅमेरा चालू असल्याचा."

"मला वाटलं, चार्ज होतोय." थोड्या वेळाने आमच्या चाचणीचं रेकॉर्डिंग तयार झालं, तेही तिने बघितलं. त्यातही ती होतीच. मग तिने लॅपटॉप मिटला. "म्हणजे आजवरच्या प्रत्येक कॉलमध्ये?"

"प्रत्येक."

"शिव शिव. त्या सूर्यनारायणाच्या स्थळाच्या वेळी मी जांभया देत होते."

मी मूळ मुद्द्यावर आलो. मान का हलवली?

ते ती सांगेना. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर एवढंच म्हणाली की तिरुवैयारूला एका मुंजीत लावण्याने तिला काही सांगितलं होतं, बापाला कळू देणार नाही या वचनावर. "ते सांगितलं तर पोरगी पुन्हा माझ्यापाशी तोंड उघडणार नाही. नाही सांगितलं तर स्थळ मोडतं. आणि माझ्या शब्दावर ह्यापुढे कोण मुलगी दाखवेल?"

धनलक्ष्मीबाईंनी दुसरा कॉल मागितला. अट एकच होती. "कमलाक्षीबाईंनी समोर बसायचं. कॅमेरा बंद केला तर आम्ही काय समजायचं ते समजू."

मी अक्काच्या शेजारी, कॅमेऱ्याबाहेर, बसलो. या वेळी तिने आपला चौकोन ठेवला होता. रघुराम घुश्शात होता. कार्तिकेय काहीतरी बोलू बघत होता, पण आईने त्याला हाताने थांबवलं.

"रघुरामअण्णा, मागचं पुन्हा एकदा सांगा. नोकरीबद्दल."

"सांगितलं ना. सोडेल. तिचीच इच्छा."

बोलत रघुराम होता, पण सगळ्यांचे डोळे अक्कावर होते. आणि अक्काचे स्वतःच्या चौकोनावर. चेहरा दगडासारखा. पापणीही हलू नये म्हणून ती किती झटत होती, ते मला शेजारून दिसत होतं. पदराचं टोक तिने मुठीत आवळलं होतं.

धनलक्ष्मीबाई पडद्याजवळ सरकल्या. "बघितलंत? आज कशा गप्प. पढवून बसवलंय."

"कोणी पढवलं?" रघुराम म्हणाला. "तुम्ही?"

तेवढ्यात लावण्या बोलली. आवाज बारीक होता.

"मामी, मागच्या वेळी तुम्ही मान हलवलीत ती मी बघितली होती. आज का हलवत नाही?"

अक्काची नजर स्वतःच्या चौकोनावरून हलली नाही.

"मग मीच हलवते." आणि तिने हलवली, वडिलांच्या शेजारी बसून, त्यांच्याकडे न बघता. "मला नोकरी सोडायची नाही. कोयंबत्तूरला बदली मागेन. मामींना मी आधीच सांगितलं होतं. कुणाला सांगू नका म्हणून मीच म्हटलं होतं."

रघुराम कॅमेऱ्यासमोरून उठून गेला. त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी लावण्या ताठ बसून राहिली.

"एवढंच?" धनलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"एवढंच."

"आणखी काही नाही ना?"

"अम्मा," कार्तिकेय म्हणाला, "ती बदली मागते म्हणाली. तू ऐकलंस का?"

"ऐकलं रे. तिच्या वडिलांनी तरी ऐकलं का, ते विचार." रघुराम पाण्याचा तांब्या घेऊन परत आला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "हे मला घरात सांगता आलं असतं."

"नसतं आलं, अप्पा," लावण्या म्हणाली.

तमिळ आवणी महिन्यात, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, साखरपुडा आहे. नोकरीचं धनलक्ष्मीबाईंनी मान्य केलं, पण त्या दुसऱ्या कॉलचं रेकॉर्डिंग त्यांनी मागून घेतलं, आणि ते त्यांनी किती वेळा बघितलं हे कार्तिकेयलाच माहीत. मधे एकदा मला विचारत होत्या, अक्काच्या डाव्या बाजूला कुणाचा तरी कोपर दिसतो, तो कुणाचा? तो माझा होता. मी तसं सांगितलं. "असेल," त्या म्हणाल्या.

बटणांवर विश्वास उरला नाही म्हणून अक्का आता ओळख करून दिली की कॅमेऱ्यावर कपाळाची टिकली चिकटवते. मलाही कॉलमध्ये घेते, आणि माझ्या फोनवर तिचा चौकोन काळा झाला याची खात्री केल्याशिवाय ती मला कॉल सोडू देत नाही. परवा एका नव्या स्थळाच्या वेळी मुलाच्या आजीने पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, "त्या काळ्या खोलीत कोण बसलंय?"

अक्काने टिकली काढली.