शेवटचा जुना पंप

कंपनीनं आमचा सगळ्यात जास्त खपणारा पाच एचपीचा बिडाचा पंप बंद केला आणि गिऱ्हाइकांना पाठवायला मला एक गोडगोड मजकूर धाडला. नवं मॉडेल वजनाला हलकं, वीज कमी खातं, पाणी तेवढंच देतं. पायाचे बोल्ट मात्र जुन्या जागी बसत नव्हते, ते लिहायचं कंपनीला सुचलं नाही. मीच एकेका कायमच्या गिऱ्हाइकाला फोन करून ते सांगितलं. जुन्याचे सुटे भाग अजून काही वर्षं मिळतील, हेही सांगितलं. स्वतःच्या प्रामाणिकपणावर मी भलताच खूश होतो.

पलूसकडं पंप घेताना कुणी माहितीपत्रक बघत नाही, दुकानदाराच्या स्वतःच्या विहिरीवर काय चालतंय ते बघतात. माझं दुकान त्याच सवयीवर उभं राहिलं, आणि नेमकी तीच मी विसरलो.

माझ्याकडून तीन पंप नेलेले एक निवृत्त फौजी आधी माझ्या मळ्यात जाऊन मग दुकानात आले.

"आवं, नवा चांगला हाय म्हणालासा न्हवं?"

"लय चांगला हाय."

"मग तुमच्या विहिरीवर जुन्या मॉडेलचा कोरा पंप कसा काय? रंगबी उडाला न्हाई त्येचा."

गोदामातला शेवटचा नग मी गेल्याच आठवड्यात तिथं बसवला होता. मी बोल्टांचं कारण पुढं केलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या दुकानातून पंप घेतला.

मॉडेल मी सुचवलेलंच होतं.