दोन सरांमधली आडवी रेघ

आमच्या घाटंजीच्या कॉलेजातले दोन विभागप्रमुख काही महिने एकमेकांशी बोलत नव्हते, ते माझ्यामुळे. घरी मी बायकोला सांगितलं होतं की त्यांचं वेळापत्रकावरून बिनसलं. खोटं होतं ते. बिनसलं होतं एका आडव्या रेघेवरून.

इंग्रजीचे सर आणि कॉमर्सचे सर रोज यवतमाळहून एसटीनं यायचे, एकाच सीटवर बसून. इंग्रजीच्या सरांच्या पत्नी वारल्या, तेव्हापासून कॉमर्सच्या सरांच्या घरून डबा मोठा यायला लागला. दुपारी दोघं स्टाफरूममध्ये त्या एका डब्यातून जेवायचे आणि एकमेकांच्या विषयाला मनसोक्त नावं ठेवायचे.

कॉलेजात कापसाच्या सहकारी खरेदी-विक्रीवर परिषद झाली. तिथले निबंध इंग्रजीत पुस्तकरूपानं काढायचे ठरले. संपादक हे दोघे. मी कार्यकारी संपादक, म्हणजे काम करणारा.

पुस्तकात पानोपानी ‘को-ऑपरेटिव्ह’. कुणी मध्ये रेघ दिलेली, कुणी सगळं जोडून लिहिलेलं, कुणी एकाच परिच्छेदात दोन्ही. ‘री-एन्टर’ आणि ‘प्री-एक्झिस्टिंग’ यांची तीच गत. इंग्रजीत असे उपसर्ग लागले की दोन ‘ओ’ किंवा दोन ‘ई’ शेजारी येतात. ब्रिटिश वळणाची माणसं तिथं सहसा रेघ देतात, अमेरिकन वळणाची बहुधा जोडून टाकतात. नव्या ब्रिटिश कोशांतही ‘को-ऑपरेट’ची रेघ गळत चालली आहे, ‘री-एन्टर’ची मात्र टिकून आहे. चूक कुणाचीच नसते. एक कोश धरायचा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच पाळायचा, एवढंच. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

इंग्रजीच्या सरांनी मला ग्रंथालयात गाठलं. “रेघ नसली तर वाचणारा ‘कूप’ असं वाचेल. कोंबड्यांचं खुराडं! बरोबर ना?”

“बरोबर, सर.”

कॉमर्सच्या सरांनी पार्किंगमध्ये गाठलं. “आता जगात कोणी रेघ देते का? परदेशी मासिकं पाहा. जोडूनच असते. बरोबर का नाही?”

“बरोबर, सर.”

मी तासिका तत्त्वावर होतो, दोघांच्याही शिफारशीची मला गरज होती, हे खरं. पण कुणाच्याही तोंडावर ‘नाही’ म्हणणं मला तेव्हाही जमत नव्हतं आणि पर्मनंट झाल्यावरही जमलं नाही. नोकरीचं कारण पुढं केलं की आपल्यालाच जरा बरं वाटतं, म्हणून ते सांगितलं.

मग व्हायचं तेच झालं. डबा उघडता उघडता इंग्रजीचे सर म्हणाले, “आपला कार्यकारी संपादकसुद्धा माझ्या बाजूचा आहे.” कॉमर्सचे सर म्हणाले, “तो तर मले म्हणे जोडूनच बरोबर.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी शेजारच्या टेबलावर हजेरीत डोकं घातलं. दोघांनाही एकच वाटलं: हा आपला जुना मित्र त्या गरीब पोराच्या नावावर खोटं बोलतोय. मला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मी इतका निरुपद्रवी दिसायचो.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीत वेगवेगळ्या सीटवर. इंग्रजीचे सर दुपारी ग्रंथालयाच्या कपाटाआड ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडून बसायला लागले. कॉमर्सच्या सरांचा डबा अर्धा परत जायचा. निरोप माझ्यातर्फे चालायचे. “त्याले सांग, पान उलटं लागलं.” “त्यांना सांगा, पान सुलट आहे, मान उलटी आहे.” हे मी पोचवताना सौम्य करायचो आणि मनाशी म्हणायचो, आपण केवढी शांतता राखतोय!

यवतमाळच्या प्रेसवाल्या भाईंकडे मी पुस्तकाच्या दोन फायली करून घेतल्या. एक रेघांची, एक बिनरेघांची. इंग्रजीच्या सरांना रेघांचं प्रूफ, कॉमर्सच्या सरांना जोडलेलं. दोघंही पानं तपासत, खूश होत, आणि म्हणत, “शेवटी समजलं का त्याला?” मी म्हणायचो, “हो सर, समजलं.”

भाईंना हे पहिल्यापासून खटकत होतं. “सरजी, तुम्ही सकाळी रेघ काढता, संध्याकाळी घालता. इतक्यात तर नाली बांधून झाली असती.”

एका खेपेला त्यांनी घाईत कॉम्प्युटरला हुकूम दिला: जिथं आर-ई-ई दिसेल तिथं दोन ‘ई’च्या मध्ये रेघ. कॉम्प्युटरनं ऐकलं. ‘री-एन्टर’ झालं, पण ‘ग्रीन’ फाटलं, ‘थ्री’ फाटलं, आणि प्रत्येक लेखकाच्या नावाखालचं ‘डिग्री कॉलेज’ मधोमध दुभंगलं. इंग्रजीच्या सरांनी ते प्रूफ पाहिलं. मग हळूच म्हणाले, “रेघेवर माझं प्रेम आहे, पण एवढं नाही हो.” मी हसलो. ते हसले नाहीत. पुड्यातलं बिस्किट मोडून त्यांनी मला अर्धं दिलं. ते मी खिशात टाकलं.

छपाईची वेळ आली आणि भाई अडून बसले. त्यांच्या प्रेसचा रिवाजच होता: दोन संपादक असतील तर एकाच प्रुफावर दोघांची सही, नंतरच छपाईची प्लेट.

“मागं एका स्मरणिकेत अध्यक्ष अन् सचिवानं वेगवेगळ्या प्रुफावर सह्या दिल्ते,” ते म्हणाले. “छापून झाल्यावर दोघंबी माह्यावरच आले. आता नाही. एक प्रूफ, दोन सह्या.”

“नाही जमणार, भाई.”

“काहून? मेले का ते?”

मी दोन्ही प्रुफं घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. दोघं दोन कोपऱ्यांत. मी मधल्या टेबलावर ती शेजारी शेजारी उघडली आणि म्हणालो, “सर, दोघांनीही या.” दोघं आले. दोघांनी दोन्ही पानं पाहिली. मी सांगितलं: दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं, मीच दोघांना ‘बरोबर’ म्हणालो होतो. आणि दोघंही खरोखर बरोबर होते. फक्त पुस्तक एक होतं.

कॉमर्सचे सर इंग्रजीच्या सरांकडे वळले. “म्हंजे तू खरंच बोलत होता?”

“आणि तूही.”

मग दोघं माझ्याकडे वळले. त्यापुढचं सगळं इथं लिहिण्याजोगं नाही. एवढं सांगतो की एकाचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरा पुरं करत होता.

“याले कायले केलं होतं आपण संपादक?”

“तू सुचवलंस.”

“मी? तूच म्हणे, पोरगा गुणी आहे!”

रेघेचा निकाल चहा निवायच्या आत लागला, आणि तो कॉमर्सच्या सरांनी लावला. संस्थांची नोंदणीतली नावं आणि दुसऱ्याची अवतरणं आपल्याला बदलता येत नाहीत. आपल्या निबंधांतल्या बहुतेक सोसायट्यांच्या नावात रेघ आहे. मग बाकीच्या मजकुरातही दिली की पान एकसारखं दिसेल. “हरलो नाही मी,” त्यांनी बजावलं. “सोय पाहिली.” इंग्रजीच्या सरांनी लगेच शब्द दिला की पुढच्या पुस्तकात जोडून लिहू. दोघांनी एका प्रुफावर सह्या केल्या.

आणि एक निर्णय एकमतानं झाला. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरून माझं नाव काढायचं. इंग्रजीच्या सरांनी ते स्वतः, लाल पेनानं, सरळ आडव्या रेघेनं खोडलं. कॉमर्सच्या सरांनी प्रूफ स्वतःकडे ओढून ती रेघ आणखी जाड केली.

मग त्यांनी डबा काढला. मला बस म्हणालं नाही कुणी. मी प्रूफ घेऊन भाईंकडे निघालो. दारातून ऐकू आलं, की प्रस्तावनेतल्या आभारांत तरी माझं नाव राहू द्यावं की तेही उडवावं, यावर दोघांचं पुन्हा जोरात जुंपलं होतं.