खुणा आढळल्या नाहीत

पोलिसांच्या फोटो तपासणी विभागात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. काम सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं, तरी शर्टाच्या खिशात भिंग असायचंच. काकू म्हणायच्या, "भाजीत मीठ कमी आहे का जास्त, हेसुद्धा हे भिंगातून बघून सांगतील." काका हसून गप्प जेवायचे. मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत.

अहवालात एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, हा त्यांचा खाक्या. या खाक्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्यांचे केस कापणारा न्हावी बाजाराच्या कोपऱ्यावर बसायचा. बायको लवकर गेलेली, एकच लेक. तिला त्याने त्याच दुकानात, आरशासमोरच्या उंच खुर्चीत बसवून लहानाचं मोठं केलं होतं. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत राहायला गेली. आणि एका आठवड्यात तिचा फोन लागेनासा झाला.

जावई म्हणाला, भांडून निघून गेली. न्हावी पोलिसांत गेला. तपास सुरू झाला, जावयाची कसून चौकशी व्हायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच जावयाने फोटो आणून दिला. "तिनेच पाठवलाय. म्हणते, मी मजेत आहे, मला शोधू नका." फोटोत लेक एका समुद्रकाठच्या बाकावर बसलेली. अंगात निळा स्वेटर, तोंडभर हसू.

फोटो काकांच्या टेबलावर आला. विभागात एक प्रोग्राम होता. फोटो कॅमेऱ्याने काढलेला आहे की यंत्राने बनवलेला, ते तो टक्क्यांत सांगे. त्याने सांगितलं, बनावट असण्याची शक्यता अगदी नगण्य. काकांनी भिंग लावलं. फोटो लहान होता, जरा भुरकट, रवाळ; फोनवरून फिरत आलेले फोटो असतात तसाच. बोटं ठीक, सावली ठीक. त्यांनी लिहिलं, "कृत्रिमतेच्या खुणा आढळल्या नाहीत."

तपास अधिकाऱ्याने ते वाचलं 'फोटो खरा आहे' असं. जाणती बाई स्वतःच्या मर्जीने गेली, तर पोलीस काय करणार? फाइल मागे पडली.

न्हाव्याच्या काळजावरचा धोंडा मात्र उतरला. त्याने फोटो छापून आणला आणि आरशाच्या चौकटीत खोचला. काका केस कापायला गेले तेव्हा त्याने पैसेच घेतले नाहीत.

"काका, तुमच्या तोंडात साखर पडो. रुसली असेल माझ्यावर. लग्नाची घाई मीच केली होती ना. पण आहे, एवढं पुरे."

"येईल हो," काका म्हणाले. तो मात्र एक शब्द जास्त झाला.

पुढे विभागात एक इंजिनिअर बाई बदलून आली. वयाने काकांच्या मुलीएवढी, बोलायला फटकळ. ती येताच प्रोग्रामच्या मागे लागली. एक दिवस तिने काकांना बोलावलं.

"हा चेहरा मी स्वतः यंत्राकडून बनवून घेतलाय. बघा." प्रोग्रामने तो बनावट म्हणून तत्काळ पकडला. मग तिने तोच फोटो थोडा लहान केला, वरून किंचित रवा, म्हणजे बारीक ठिपक्यांची कणी, मिसळला, हलक्या दर्जात पुन्हा सेव्ह केला आणि परत घातला. प्रोग्राम म्हणाला, अस्सल.

काका खुर्चीच्या कडेवर आले. "डोळ्याला तर काहीच फरक नाही."

"डोळ्याला नसतोच. यंत्राने बनवलेल्या चित्रात एक फार बारीक वीण राहून जाते, कापडाला असते ना, तशी. आपला प्रोग्राम तीच शोधायला शिकलाय. पण फोटो पुन्हा सेव्ह करताना फाइल हलकी व्हावी म्हणून सगळ्यात आधी बारीक तपशीलच टाकला जातो. वीण त्याच्याबरोबर जाते. उरलीसुरली रव्यात बुडते. शिवाय खऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोतही रवा असतो, म्हणून तो त्याला आणखीच अस्सल वाटतो."

"मग पुन्हा सेव्ह केलेला प्रत्येक फोटो संशयित धरायचा?"

"कसा धरणार? मेसेजमधून पाठवला की साध्यासुध्या माणसांचे फोटोही असेच पिळून निघतात. सगळं गावच चोर ठरेल."

काकांना पुढचं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर निळा स्वेटर होता.

बाईने प्रोग्राम नव्याने शिकवायला घेतला. हजारो खरे आणि हजारो बनावट फोटो लहान केले, धूसर केले, रवा घातला, कमीजास्त दर्जात सेव्ह केले, आणि मगच त्याला दाखवले. म्हणजे तो एकट्या बारीक विणीवर विसंबणार नाही, पिळल्यावरही टिकणाऱ्या खुणा शोधेल. एकच फोटो निरनिराळ्या प्रकारे पिळून तपासायचा आणि उत्तर डळमळलं तर थांबायचं, असंही ठरलं. अशा वेळी नवा प्रोग्राम टक्के न देता म्हणे, 'सांगता येत नाही.' आणि शक्य तिथे मूळ फाइल मागायचीच.

"आता फसणार नाही ना?" काकांनी विचारलं.

"फसेल. बनावट करणारे नवी युक्ती काढतील, आपण ती याला शिकवू. आणि हा जुन्यापेक्षा जरा शंकेखोर झालाय, कधी खऱ्यालाही बनावट म्हणेल. याच्या एकट्याच्या भरवशावर कुणाला फासावर चढवू नका."

जुने फोटो नव्याने तपासताना काकांनी सगळ्यात आधी तो काढला. प्रत्येक पिळानंतर उत्तर तेच आलं. बनावट.

त्यांनी ताबडतोब अधिकाऱ्याला गाठलं. "साहेब, एवढ्यावर जाऊ नका. जावयाचा फोन जप्त करा, मूळ फाइल शोधा." फोन जप्त होऊन आला. पुसून टाकलेल्या फाइली परत काढल्या, तेव्हा न पिळलेला मूळ फोटो सापडला. त्यात वीण स्वच्छ होती. आणि शेजारी तेच बाक, तोच स्वेटर, आणि जमता जमता बिनसलेली लेकीची आणखी कितीतरी हसू.

जावयाने मग फार ताणलं नाही, कबूल केलं. गावाबाहेरच्या बंद खाणीच्या पाण्यातून तिला बाहेर काढलं. फोटो आला त्याच्या आधीच ती गेलेली होती. अहवाल बरोबर आला असता तरी ती वाचणार नव्हती. हे काकूंनी काकांना कितीदा तरी सांगितलं. काका मान हलवायचे.

न्हाव्याला सांगायला ते स्वतः गेले. दुपार होती, दुकान रिकामं होतं. न्हावी खुर्ची पुसत होता. ऐकून झाल्यावरही पुसतच राहिला.

"तुम्ही तपासला होता ना, काका?"

"आम्ही लिहिलं होतं की खुणा आढळल्या..." काका मध्येच थांबले. तोंडातले शब्द त्यांनाच परके वाटले. "हो दादा. मीच तपासला होता. चुकलो."

न्हाव्याने आरशाकडे पाहिलं. "मग ही कोण?"

"कुणीच नाही."

"हसते तर तिच्यासारखीच." त्याने फडक्याने फोटोची कड पुसली. "मी रोज सकाळी हिच्याशी बोलत होतो हो. हिची समजूत काढत होतो. आणि माझी पोर तिकडे पाण्यात."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला. न्हावी बाजूला झाला. रागाने नव्हे, पुसायचं फडकं खाली पडलं होतं, ते घ्यायला. पण काकांचा हात तसाच अधांतरी राहिला.

फोटो न्हाव्याने काढला नाही. एकदा गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणाला, "लेकीसारखी दिसते कुणीतरी." काका त्या दुकानात पुन्हा गेले नाहीत, जायचं म्हणून दोनदा कोपऱ्यापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले.

विभागाच्या अहवालातलं ते जुनं वाक्य त्यांनी बदलून घेतलं. त्याच्या पुढे आता एक ओळ असते, 'याचा अर्थ फोटो खरा आहे असा होत नाही.' निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एक म्हातारी बेपत्ता नातवाचा फोटो घेऊन आली. एवढासा फोटो, कितीदा फिरून आलेला.

"खरा आहे का रे बाबा?"

"सांगता येत नाही, आजी."

"एवढी यंत्रं घेऊन बसलाय, आणि हेही सांगता येत नाही?" म्हातारी बोलत राहिली, नाही नाही ते बोलली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाले, "हा फोटो पहिल्यांदा कुणाकडे आला, ते आठवतं का? आपण तिथून सुरुवात करू."