रश्मीची गाळलेली ओळ

तुम्ही विचारताय म्हणून सांगते, न्हाईतर आमच्या त्या मालकाचं, दादासाहेबांचं नाव काढलं की माझं डोकंच फिरतं.

मी शालन. कुरुळीतच जन्मले, इथंच दिली. आमच्या शेडमधून घरगुती पिठाच्या गिरण्या गावोगाव जातात आणि त्या पॅक करायचं काम आमच्या चार बायकांचं. रश्मी ओव्हाळ कासारवाडीहून यायची. तिचे वडील एका कंपनीत लेथ मशीनवर व्हते, आता घरी असतात. पोरगी एम.ए. झालेली, पण तोरा म्हणून न्हाई. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक गिरणीखाली जी माहिती असते ना, ती मराठीत लिहायचं तिचं काम. बार्शी, उदगीर, पाथरी असल्या गावांतली माणसं ती वाचून माल मागवायची.

तिची एक पद्धत व्हती. काहीही लिहिलं की लॅपटॉप घेऊन थेट पॅकिंगच्या टेबलाशी यायची. "मावशी, ऐका. कळलं का सांगा." मी न्हाई म्हटलं की खोडायची, परत लिहायची. कोण घरघंटी म्हणतं, कोण पिठाची गिरणी, म्हणून दोन्ही नावं टाकायची, कुठलंही शोधलं तरी सापडावं म्हणून. कानडी मजकूर असला तर तो शेडमधल्या नवनाथच्या बायकोकडून तपासून घ्यायची, ती कानडी मुलखातल्या इंडीची. आपलं कुणी ऐकून घेतंय, एवढंच आमाला नवल.

गिरणीच्या माहितीत तिनं एक ओळ घातली व्हती: 'हिची पिन जाड आहे. साध्या पंख्या-टीव्हीच्या सॉकेटमध्ये बसत नाही. फ्रिज-गिझरसाठी असतो तसला मोठा पॉवर सॉकेट घरात असेल तरच मागवा.' खाली पिनेचा फोटो.

दादासाहेबांनी ती वाचली आणि कडाडले, "माल विकायला बसलोय का गिऱ्हाईक पळवायला? काढ ती ओळ!"

"सर, लोक वायरमनशिवाय जोडायला जातील. मग परत पाठवतील."

"गावाकडं एवढं कोण वाचतंय?"

कोण वाचतंय म्हणे! अहो, आमच्यासारखी माणसं एक वस्तू घ्यायची तर चारदा वाचतात. पोरांकडून वाचून घेतात. मी तिथंच टेप फाडत उभी व्हते, अशी तळपायाची आग मस्तकात गेली!

रश्मी हटली न्हाई. मग आठ दिवसांत तिला घरी बसवलं. दादासाहेबांचा भाचा ज्ञानेश, त्यानं इंग्रजी मजकूर कम्प्युटरमध्ये टाकला आणि एका दुपारीत सगळ्या गिरण्यांची माहिती पाच भाषांत काढली. कुणाला वाचून दाखवली न्हाई. 'सोळा अँपिअर प्लग प्रकार' एवढं लिहून सुटला. आता सोळा अँपिअर म्हणजे काय, हे माझ्या बापाला तरी ठाऊक असंल का?

महिनाभरात परत आलेल्या खोक्यांची रांग दारापर्यंत लागली. गिरणीला खोट न्हाई, नुसती पिन बसत न्हाई! एका बाईनं खोक्यावर पेनानं लिहिलं व्हतं, 'आधी सांगायचं होतं ना.' ते वाचून मला रडूच आलं. तिनं किती दिवस वाट बघितली असंल हो! आणि दादासाहेब काय म्हणाले? "खेडवळांना अक्कल न्हाई." अक्कल कुणाला न्हाई, ते मी तोंडावर म्हणणार व्हते, पण पोटाकडं बघून गप्प बसले.

मग त्यांनाच कुठून तरी रश्मीची पद्धत आठवली. एके सकाळी ज्ञानेश लॅपटॉप घेऊन टेबलाशी आला. मागं दादासाहेब उभे. त्यानं वाचलं आणि विचारलं, "कळलं का, शालनबाई?"

माझ्या मनात एकदम काय आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "न्हाई कळलं."

त्यानं बदलून वाचलं. "न्हाई." तिसऱ्यांदा वाचलं. माझ्या शेजारी पॅकिंग करणारी छबूबाई म्हणाली, "मला पण न्हाई." बाकीच्या दोघींनीही मान हलवली. त्यातलं थोडं कळलं व्हतं, खोटं कशाला बोलू. पण आमी का सांगावं?

दादासाहेब लालबुंद झाले. "मग कसं लिहिलं की कळंल तुमाला?"

"रश्मीला बोलवा. तिचं कळायचं."

टेप खाली ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मालाची गाडी दारात, खोकी तशीच. शेवटी त्यांनी फोन लावला. स्पीकरवरच. तिकडून पोरगी शांतपणे बोलली, "सर, आधी ती ओळ परत घाला. मी इथून बघते. दिसली की येते."

ज्ञानेशनं मुकाट्यानं ओळ घातली, पिनेचा फोटोही लावला. आणि दादासाहेबांनी, स्वतःच्या तोंडानं, ती आमाला वाचून दाखवली.

"कळलं का?"

"आता कळलं," मी म्हटलं आणि टेप उचलली.