अठरा रुपये भरणारा जमशेद टेलर

कारंज्यात जमशेद टेलरची ख्याती दोन गोष्टींसाठी. दिलेल्या दिवशी कपडा मिळणार, आणि शिवणीच्या आत एका बोटाचंही जास्तीचं कापड सापडणार नाही. उरलेली चिंधी तो घडी करून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवी. "तुमचं कापड तुमाले वापस," असं म्हणताना त्याची मान थोडी वर जाई. आसेगावचे रामराव लग्नानंतर कंबरेत वाढले आणि पँट ढिली करायला आले, तेव्हा ढिली करायला आत कापडच नव्हतं. रामराव चिडले. जमशेदनं शांतपणे त्यांना कमी जेवायचा सल्ला दिला.

बँकेतही त्याचा हाच बाणा. काज-बटनाचं मोटारीचं मशीन त्यानं एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतलं होतं. हप्ता तीन हजार सहाशे चाळीस, दर पाच तारखेला खात्यातून आपोआप कापला जाई. चार तारखेला जमशेद बँकेत जाऊन नेमके तेवढेच भरी, आणि पाचाला खातं रिकामं झालं की त्याला बरं वाटे. जास्तीचा पैसा बँकेत कायले ठेवायचा, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता आणि त्याला कोणी उत्तर देत नसे.

यंदा मात्र एक गोष्ट अडकलेली होती. मुलगी नमरा हिला वाशीमला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर बापाचीही सही होती, म्हणून बँकेच्या मॅडमनं मशीनच्या कर्जाचं ताजं स्टेटमेंट मागितलं. वीस तारखेपर्यंत आणा, त्यात थकबाकी शून्य दिसली पाहिजे, नाहीतर फाईल पुढे जाणार नाही. जमशेद मनात हसला. आपण आणि थकबाकी?

पाच तारखेला हप्ता बाउन्स झाला.

झालं असं की चार तारखेच्या संध्याकाळी बँकेनं तिमाहीचा एसएमएस आकार कापला, सतरा रुपये सत्तर पैसे. तेवढ्यानं हप्त्याला पैसे कमी पडले. आणि हप्ता परत गेल्याची बातमी बँकेनं त्याला अर्थातच एसएमएसनं कळवली. पैसे फुकट गेले असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जमशेद काउंटरवर गेला. कॅशियर खेमा त्याच्याकडूनच शर्ट शिवून घेणारा. जमशेदनं स्लिप भरली आणि दहाची नोट नि आठ रुपयांची चिल्लर पुढे सरकवली.

"अठरा रुपये? तुमी अठरा रुपये भरून राह्यले?" खेमा म्हणाला.

"जेवढे कमी पडले तेवढे. तीस पैसे वरून तुमाले."

खेमानं मान हलवली आणि शिक्का मारला. मागे रांग होती. हप्ता परत गेल्याचा दंड बँकेनं अजून घेतलेला नाही, तो एक-दोन दिवसांत कापला जाईल, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी चेक पुढे केला.

सात तारखेला तो दंड कापला गेला. दोनशे पंचाण्णव, जीएसटीसकट. दहा तारखेला फायनान्स कंपनीनं हप्ता पुन्हा लावला, म्हणजे कापून घ्यायला बँकेकडे पाठवला. जमशेदच्या हिशेबात पैसे पुरे होते, बँकेच्या हिशेबात नव्हते. हप्ता पुन्हा परत आला आणि बँकेनं पुन्हा दोनशे पंचाण्णव घेतले. जमशेदचं डोकं भणभणलं. ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याकडूनच पैसे कापून घ्यायचे, आणि मग कमी काहून पडले असं त्यालाच विचारायचं.

तेराला तो एसटीनं वाशीमला, फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथल्या पवन नावाच्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं स्टेटमेंट छापून दिलं. जमशेदनं चष्मा चढवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाहा. पाच तारीख, हप्ता जमा, तीन हजार सहाशे चाळीस. जमा झाले न मंग?"

"खालची ओळ पाहा चाचा. बाउन्स झाला म्हणून तेवढेच परत नावे टाकले. हप्ता लावला की आमच्याकडे आधी जमा दिसते, बँकेनं परत केला की उलटी नोंद पडते."

"म्हणजे मी दोनदा भरले आन् तुमी दोनदा वापस केले."

"कागदावर तसंच दिसते."

त्याखाली पाचशे नव्वदच्या दोन ओळी होत्या, बाउन्स चार्ज, प्रत्येक परतीचा एकेक. बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. शिवाय थकलेल्या हप्त्यावर रोजचे दोन-अडीच रुपये दंड आकार चालू होता. पवननं समजावलं की हा आकार मुद्दलात मिळवत नाहीत, वेगळा मांडतात, त्याच्यावर व्याज चढत नाही. जमशेदला यात आनंद मानावा की नाही ते कळेना.

"मंग आजच रोख भरतो हप्ता."

"आता नका भरू. पंधराला पुना लावायच्या हप्त्यांची यादी बँकेकडे गेली. आज रोख घेतले तरी पंधराला हप्ता लागणारच, दोनदा कापल्या जाईन. खात्यात पैसे ठेवा. हप्ता पास झाला की चार्ज अलग भरा, मंग थकबाकी शून्य."

चौदाला जमशेदनं कागदावर आकडेमोड केली. खात्यात तीन हजार पन्नास रुपये तीस पैसे होते. हवे होते पाचशे एकोणनव्वद रुपये सत्तर पैसे.

"अब्बा, हजार टाका," नमरा म्हणाली.

"पाचशे नव्वद. बस."

"आन् बँकेनं पुना काई कापलं तं?"

"आता काय राह्यलं कापायले?"

त्या दिवशी काउंटर बंद होतं, आणि पैसे भरायचं मशीन शंभराखालची नोट गिळेना. नाइलाजानं त्याला सहाशे भरावे लागले. वरचे दहा रुपये त्याला रात्रीपर्यंत खटकत राहिले.

पंधराला दुपारी एसएमएस आला. हप्ता पास झाला होता. जमशेदनं मशीन थांबवलं, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि थेट बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं. घरी येऊन तो ते वाचू लागला. सहाशे जमा. त्याखाली पंधराच्या सकाळची नोंद, एटीएम कार्डाचा वार्षिक आकार, एकशे सत्याहत्तर कापले. मग हप्ता पास झाला कसा?

त्या दोन नोंदींच्या मधे एक ओळ होती. चौदा तारीख, फोनवरून जमा, पाचशे. पाठवणारी नमरा.

मेंदी काढून जमवलेले पैसे होते ते, कॉलेजच्या बॅगेसाठी ठेवलेले. जमशेदनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली, कारण आपल्या नेमक्या हिशेबानं हप्ता तिसऱ्यांदा परत गेला असता आणि पोरीचं कॉलेज बुडालंच असतं.

"सांगितलं काहून नाही?" त्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तं तुमी वापस केले असते. चिंधीसारखे."

सोळाला बाराशे चार रुपये चार्ज नमरानं फोनवरून भरले, कंपनीनं नवं स्टेटमेंट पाठवलं. वीसच्या आत ते मॅडमच्या टेबलावर गेलं. दोन बाउन्स पाहून मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. जमशेदनं अठरा रुपयांची स्लिप काढून सगळी हकिकत सांगितली. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, हेच एका कागदावर लिहून द्या. मग शेवटची ओळ पाहून त्यांनी फाईल पुढे सरकवली. थकबाकी शून्य.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नमराचा पांढरा ॲप्रन तयार झाला. तिनं तो उलटा करून पाहिला. बाजूच्या शिवणींत, बाह्यांत, खालच्या दुमडीत, सगळीकडे दोन-दोन बोटं कापड आत सोडलेलं होतं.

"अब्बा, इतकं कापड आत कायले ठेवलं?"

जमशेद सुईत दोरा ओवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"असू दे," तो म्हणाला. "कधी काय कापल्या जाईन, सांगता येत नाही."