अंधारात थांबलेली लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या त्या शाखेत तिला सगळे आठवणबाई म्हणत. वार्षिक देखभालीचा करार संपत आला की गिऱ्हाइकाला फोनवर आठवण करून द्यायची, हे तिचं काम. आवाज गोड, बोलणं ऐसपैस. समोरचा कितीही वैतागलेला असो, दोन मिनिटांत तो घरचं रडगाणं सांगायला लागे. ऑफिसात म्हणत, ही बाई दगडालाही करार विकेल.

करार चालू ठेवण्याचे फायदे तिला तोंडपाठ होते. दर महिन्याला तपासणी, बिघाड झाला तर आधी तुमच्याकडे माणूस, ठरलेले सुटे भाग फुकट, आणि करार तुटला तर पुन्हा सुरू करताना तपासणीचा वेगळा खर्च. सगळ्यात शेवटी ती म्हणायची, "आणि वीज गेली तरी आपली लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. माणूस अडकत नाही. ती बॅटरीही आपल्या करारातच आली."

त्या दिवशी तिने एका सहामजली इमारतीच्या सेक्रेटरींना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. आठवणबाईने नेहमीचा पाढा सुरू केला आणि बॅटरीपाशी आली, तशी पलीकडून बाई म्हणाल्या, "थांबा हो. मीच अडकले होते गेल्या आठवड्यात."

"म्हणजे?"

"वीज गेली. लिफ्ट तिथल्या तिथे थांबली. काळोख मिट्ट. मला दम्याचा त्रास, पंप घरी राहिलेला. ओरडून ओरडून घसा बसला. लोकांनी दार उघडेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला. तुमच्या मेकॅनिकने सांगितलं, बॅटरी मेली आहे. नवी कधी, विचारलं तर म्हणाला, करार वाढवलात की बसवू."

"विचारून सांगते," एवढंच म्हणून आठवणबाईने फोन ठेवला.

मेकॅनिक साहित्याच्या खोलीत चहा पीत होता. तिने विचारल्यावर त्याने मान खाली घातली. "ताई, बॅटरी मी मागितली होती. साहेब म्हणाले, आता बसवली तर ते करार कशाला वाढवतील? थोडी कळ काढू दे त्यांना."

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, त्यांचा करार अजून संपलेला नाही. बॅटरी त्यात आहे. आपण ती द्यायलाच हवी."

साहेबांनी कागदावरून नजर उचलली नाही. "तुमचं काम आठवण करून देण्याचं. ते करा."

संध्याकाळी घरी भाजी निवडताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेशील, नोकरी जाईल."

"अरे, पण त्या बाईंना मीच सांगत होते ना, माणूस अडकत नाही म्हणून! इतकी वर्षं सगळ्यांना सांगतेय."

तिला जेवण गेलं नाही.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिने सेक्रेटरींना फोन लावला. ते उखडलेच. "झालं का सुरू? पैसे पाहिजेत, दुसरं काय!"

"काका, आज करार वाढवा म्हणत नाही. एवढंच ऐका. तुमचा करार अजून चालू आहे. बॅटरी त्यातच आहे, वेगळे पैसे नाहीत. कंपनीच्या मुख्य ऑफिसला लेखी तक्रार करा, तक्रारीचा नंबर मागून घ्या. आणि बॅटरी बसेपर्यंत काकूंना एकटं लिफ्टमध्ये जाऊ देऊ नका."

काकांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे का सांगताय?"

"तक्रार आजच करा," म्हणत तिने फोन ठेवला.

तक्रार गेली. मुख्य ऑफिसातून विचारणा आली आणि मेकॅनिकने तिसऱ्या दिवशी बॅटरी बसवली. मेन स्विच बंद करून पाहिलं. लिफ्ट शहाण्यासारखी खालच्या मजल्यावर आली आणि दार उघडलं. साहेबांनी आठवणबाईला बोलावून सरळ विचारलं. ती म्हणाली, "हो, मीच सांगितलं." मग तिची खुर्ची फोनच्या टेबलावरून उठली आणि बिलं फाइलला लावण्याच्या कोपऱ्यात गेली.

करार काही त्या इमारतीने वाढवला नाही. सेक्रेटरींनी मुद्दाम फोन करून तिला कळवलं. "राग मानू नका. तुमच्याबद्दल काही नाही. पण समितीचा कंपनीवरचा विश्वासच उडाला. दुसऱ्यांना काम दिलं."

"बरोबरच केलंत," ती म्हणाली. "काकू कशा आहेत?"

"लिफ्टच्या दारापर्यंत येते, आणि परत फिरते. मी हात धरतो तरी नाही. चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. प्रत्येक जिन्यावर बसत बसत चढते."

फोन ठेवून तिने हातातलं बिल फाइलला लावलं. पलीकडे तिच्या जुन्या टेबलावर नवी मुलगी गोड आवाजात कुणाला तरी सांगत होती, वीज गेली तरी माणूस अडकत नाही.